पहिली ओळ आणि शेवटची तिरपी रेघ

१ डिसेंबर २०१०, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन व्यापाऱ्याकडे बिल क्रमांक ५३६३६५ फाटतं. हा व्यापारी भेटवस्तू आणि घर सजवायच्या वस्तू विकतो. बिलातला पहिला जिन्नस म्हणजे छोटी मेणबत्ती ठेवायची, टांगायची पांढरी बदामी लटकन. नग सहा, दर २.५५ पौंड. घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही, फक्त क्रमांक आहे: १७८५०.

तिथपासून ९ डिसेंबर २०११च्या दुपारपर्यंत त्या व्यापाऱ्याने जे जे विकलं आणि जे जे परत घेतलं, त्याच्या ५,४१,९०९ ओळी एका एक्सेल फाइलमध्ये आहेत. लंडन साउथ बँक विद्यापीठातल्या डाकिंग चेन यांनी ती फाइल अर्वाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खुल्या संग्रहाला दिली, आणि तेव्हापासून डेटा ॲनालिटिक्स शिकणारी जगभरची मुलं तिच्यावर हात बसवतात. त्या सरावातला एक ठरलेला धडा म्हणजे कोहॉर्ट टेबल. ग्राहकांनी पहिली खरेदी ज्या महिन्यात केली त्यानुसार त्यांच्या तुकड्या पाडायच्या आणि प्रत्येक तुकडीतले किती जण पुढच्या महिन्यांत पुन्हा आले ते मोजायचं.

हा तक्ता मला हिशेबाच्या सगळ्या तक्त्यांत प्रामाणिक वाटतो. महिन्याची एकूण विक्री पाहिली तर जुने ग्राहक टिकले म्हणून ती झाली की जुने गळाले आणि तेवढेच नवे जाहिरातीतून आणले म्हणून झाली, हे कळत नाही. दोन्ही वेळा आकडा तोच दिसतो. कोहॉर्ट तक्त्यात ही लपवाछपवी चालत नाही, कारण एकदा जानेवारीच्या तुकडीत पडलेला ग्राहक कायम जानेवारीचाच राहतो. नवा माणूस त्या तुकडीत शिरून गळती भरून काढू शकत नाही. मात्र हाच तक्ता दोन ठिकाणी हमखास फसवतो: पहिल्या ओळीत आणि शेवटच्या तिरप्या रेघेत. या ब्रिटिश फाइलमध्ये दोन्ही फसवणुकी इतक्या स्वच्छ दिसतात की त्या समजून घेण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी तक्ता कसा बनतो ते पाहू. फाइलमध्ये आठ रकाने आहेत: बिलाचा क्रमांक, मालाचा कोड, मालाचं वर्णन, नग, तारीख-वेळ, दर, ग्राहक क्रमांक आणि देश. आपल्याला खरं तर तीनच लागतात: बिल, तारीख आणि ग्राहक. पहिलं काम सफाईचं. १,३५,०८० ओळींमध्ये ग्राहक क्रमांकाची जागा कोरी आहे. म्हणजे साधारण चौथ्या हिश्श्याच्या ओळींतली खरेदी कोणी केली हेच माहीत नाही. या ओळी बाजूला ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. पण त्या कोऱ्या ओळींमागे कदाचित नेमाने येणारे ग्राहकही असतील आणि ते आपल्या तक्त्यात कधीच दिसणार नाहीत, हे मनात ठेवून पुढे जायचं.

मग प्रत्येक ग्राहकाची सर्वांत जुनी तारीख शोधायची. तारीख `E` रकान्यात आणि ग्राहक क्रमांक `G` रकान्यात असेल, तर एक्सेलमध्ये एवढंच पुरतं. पहिलं सूत्र `I` रकान्यात पहिल्या खरेदीची तारीख आणतं आणि दुसरं त्या महिन्यापासून ही खरेदी कितव्या महिन्यात झाली ते सांगतं:

```
=MINIFS(E:E, G:G, G2)
=(YEAR(E2)-YEAR(I2))*12 + MONTH(E2)-MONTH(I2)
```

लाखो ओळींवर पहिलं सूत्र ओढलं तर एक्सेल बराच वेळ अडकून बसतं. त्यापेक्षा आधी एक पिव्होट टेबल करून प्रत्येक ग्राहकाची किमान तारीख काढावी आणि ती मूळ ओळींना जोडावी, हे सोपं. शेवटी दुसरं पिव्होट: उभ्या बाजूला पहिल्या खरेदीचा महिना, आडव्या बाजूला कितवा महिना तो आकडा आणि मध्ये ग्राहकांची संख्या.

इथे नवखे लोक अडखळतात, कारण पिव्होटमधला साधा `Count` ओळी मोजतो. आपल्या १७८५० क्रमांकाच्या ग्राहकाच्या खरेदीच्या २९७ ओळी आहेत. त्याने दोन दिवसांत चौतीस बिलं केली. त्याला २९७ वेळा मोजलं तर तक्ता कोसळला. म्हणून माणूस एकदाच मोजायचा, त्याने महिन्यात कितीही वेळा आणि कितीही जिन्नस घेतले तरी. एक्सेलमध्ये यासाठी पिव्होट बनवताना `Add this data to the Data Model` या चौकटीत खूण करावी लागते. ती केली तरच मोजणीच्या यादीत `Distinct Count` दिसतो.

एवढं केलं की तक्ता उभा राहतो. त्याच्या वरच्या चार ओळी अशा:

| पहिली खरेदी | तुकडीतले ग्राहक | १ महिन्याने | २ महिन्यांनी | ३ महिन्यांनी |
|---|---|---|---|---|
| डिसेंबर २०१० | ९४८ | ३६२ | ३१७ | ३६७ |
| जानेवारी २०११ | ४२१ | १०१ | ११९ | १०२ |
| फेब्रुवारी २०११ | ३८० | ९४ | ७३ | १०६ |
| मार्च २०११ | ४४० | ८४ | ११२ | ९६ |

आता टक्के काढा. डिसेंबरच्या तुकडीतले ३८ टक्के लोक पुढच्याच महिन्यात परत आले. जानेवारीच्या तुकडीतले २४ टक्के, फेब्रुवारीचे जवळपास २५, मार्चचे १९. डिसेंबरची ओळ पुढे वर्षभर वाचत गेलं तर ती तेहतीस ते चाळीस टक्क्यांच्या पट्ट्यात ठाण मांडून बसते आणि नोव्हेंबर २०११ मध्ये बरोबर ५० टक्क्यांवर जाते: ९४८ पैकी ४७४. बाकीच्या तुकड्या मात्र वीस-पंचवीसच्या आसपास घुटमळतात.

हा तक्ता हातात पडल्यावर बहुतेक जण लगेच एक निष्कर्ष काढतात: डिसेंबरमध्ये आलेले ग्राहक फार चांगले होते, त्या महिन्यात आपण काहीतरी बरोबर केलं, नंतर ग्राहकांची प्रत खालावली. मग त्या डिसेंबरात कोणती जाहिरात होती, कोणती सूट होती याचा शोध सुरू होतो. पण हा शोध सुरू करण्याआधी फाइलची पहिली तारीख पाहायला हवी. फाइल १ डिसेंबर २०१०ला सुरू होते. तो व्यापारी त्या दिवशी सुरू झाला नव्हता. तो अनेक वर्षं धंद्यात होता. म्हणजे २००८ पासून दर महिन्याला माल नेणारा दुकानदार डिसेंबर २०१० मध्ये आला, तर आपल्या सूत्राला त्याची सर्वांत जुनी तारीख डिसेंबर २०१० चीच सापडते आणि तो नवा ग्राहक म्हणून नोंदला जातो. डिसेंबरच्या तुकडीत नव्यांबरोबर सगळे जुने, नेमाचे, पक्के ग्राहकही भरले आहेत. जुने पक्के ग्राहक परत येणारच. तुकडी मोठी आहे ती यामुळे आणि टिकते आहे तीही यामुळेच.

याचा पुरावा फाइलच्या आतच आहे, हे मला फार आवडतं. या फाइलमध्ये रद्द केलेल्या किंवा परत आलेल्या मालाच्या बिलांच्या क्रमांकापुढे `C` हे अक्षर असतं. अशी सगळी बिलं काढून टाकली तर ४,३७२ ग्राहकांपैकी तीसहून थोडे अधिक ग्राहक तक्त्यातून पूर्ण नाहीसे होतात. त्यांच्या नावावर एकही खरेदी नाही, आहे तो फक्त परतावा. ज्याने काही विकत घेतलंच नाही तो परत काय करणार? यातल्या बहुतेकांनी माल आधीच, फाइल सुरू होण्यापूर्वी घेतला असणार. सफाईनंतर डिसेंबरची तुकडीही ९४८ वरून ८८५ वर येते. यातले काही जण फक्त परताव्यापुरते डिसेंबरात होते आणि त्यांची खरेदी पुढच्या महिन्यातली असल्याने ते पुढच्या तुकडीत सरकतात.

दुसरा पुरावा त्याहून ठोस आहे. पुढे याच व्यापाऱ्याची आणखी एक वर्ष मागे जाणारी, १ डिसेंबर २००९ पासूनची फाइल प्रसिद्ध झाली. ती जोडून पाहिलं तर २०११ च्या फाइलमधले अर्ध्याहून अधिक ग्राहक आदल्या वर्षीच्या नोंदींमध्येही सापडतात. डिसेंबर २०१० ची ती आदर्श तुकडी विरघळते आणि तिच्यातले बहुतेक जण मागच्या तुकड्यांत जाऊन बसतात. गंमत म्हणजे आता नवा डोंगर डिसेंबर २००९ च्या ओळीत उभा राहतो, कारण नव्या फाइलची सुरुवात तिथे आहे. फाइल जिथे सुरू होते तिथली पहिली ओळ नेहमीच फुगलेली असते. दुकान आणि नोंदी एकाच दिवशी सुरू झाल्या असतील तरच हा नियम लागू होत नाही.

यावर उपाय दोन. आधीच्या नोंदी मिळत असतील तर त्या फक्त ओळख पटवण्यासाठी वापरायच्या: त्या वर्षात जो दिसला तो जुना, त्याला नव्या तुकड्यांत घ्यायचं नाही. नोंदी मिळत नसतील तर पहिली ओळ तक्त्यात ठेवावी पण तिच्यापुढे ‘जुने ग्राहक मिसळलेले’ असं लिहावं आणि सरासरीतून ती वगळावी. लक्षात घ्या की दुसऱ्या, तिसऱ्या ओळीतही थोडी भेसळ उरतेच. जो जुना ग्राहक डिसेंबरात आला नाही आणि जानेवारीत आला, तो जानेवारीच्या तुकडीत शिरला. वर्षातून दोनदाच येणारा जुना ग्राहक तर मे-जूनच्या तुकडीतही नवा म्हणून बसलेला असू शकतो. तुकड्या खाली जातात तशी ही भेसळ कमी होत जाते.

आता तक्त्याच्या दुसऱ्या कडेकडे वळू. कोहॉर्ट तक्ता त्रिकोणी असतो. डिसेंबर २०१० च्या तुकडीला पुढचे बारा महिने मिळतात, नोव्हेंबर २०११ च्या तुकडीला एकच. प्रत्येक ओळीतला शेवटचा चौकोन एकाच कॅलेंडर महिन्याचा असतो, इथे डिसेंबर २०११ चा, आणि ते चौकोन जोडले की उजवीकडून डावीकडे उतरणारी एक तिरपी रेघ तयार होते. या रेघेवर सगळ्या तुकड्या एकदम कोसळतात. जानेवारीची तुकडी आदल्या महिन्यात जवळपास ३७ टक्के होती, ती १५ वर येते. मार्चची २९ वरून ९ वर. एप्रिलची २६ वरून ८ वर. नोव्हेंबरमध्ये आलेले ३२१ नवे ग्राहक. त्यातले पुढच्या महिन्यात फक्त ४३ आले, म्हणजे १३ टक्के. ज्यांनी तक्ता आडवा वाचला त्यांना वाटेल की नोव्हेंबरचे ग्राहक वर्षातले सगळ्यात फुसके निघाले.

कारण इतकं साधं आहे की तारीख पाहिली नाही तर ते कधीच सुचत नाही. फाइल ९ डिसेंबरला संपते. त्या रेघेवरचा महिना नऊ दिवसांचा आहे आणि त्याची तुलना तीस दिवसांच्या महिन्यांशी चालली आहे. ग्राहक गेले नाहीत, मोजणीच मध्येच थांबली.

चालू धंद्यात ही चूक दर महिन्याला घडते, कारण तक्ता महिनाअखेरीला नाही तर एखाद्या मीटिंगच्या आदल्या दिवशी काढला जातो, आणि मीटिंग सात तारखेला असते. तिरप्या रेघेवरची घसरण पाहून लोक घाबरतात, सूट जाहीर करतात, पुढच्या महिन्यात त्याच चौकोनाचा आकडा आपोआप वर जातो आणि श्रेय सुटीला मिळतं. म्हणून माझा आग्रह असा की अपुऱ्या महिन्याचा चौकोन कोराच ठेवावा. तिथे राखाडी रंगाचा छोटा आकडासुद्धा नको, कारण तो पुढच्या माणसाच्या हातात गेला की राखाडीचा काळा होतो.

रेघेची सवय एकदा डोळ्यांना लागली की तिच्या शेजारची, नोव्हेंबर २०११ ची रेघही वाचता येते. तिच्यावर जुन्या तुकड्या वर उसळतात: डिसेंबरची पन्नास टक्क्यांवर, जानेवारीची सदतीसवर, जूनची तेहतीसच्या वर. ही उसळी कुठल्या एका तुकडीची नाही, त्या महिन्याची आहे. या व्यापाऱ्याचे अनेक ग्राहक घाऊक खरेदीदार आहेत. नाताळसाठी लागणारा माल त्यांना डिसेंबरआधी दुकानात हवा, म्हणून ते नोव्हेंबरमध्ये येतात. आडव्या ओळीत ग्राहकाचा काळ दिसतो, उभ्या रकान्यात तुकड्यांची आपापसात तुलना होते आणि तिरप्या रेघेवर बाजाराचा काळ दिसतो: हंगाम, संप, टपाल बंद, वेबसाइट दोन दिवस पडलेली. आडवं आणि उभं सगळेच वाचतात. तिरपं वाचायचं राहून जातं आणि हंगामाचं श्रेय किंवा खापर बिचाऱ्या एखाद्या तुकडीच्या डोक्यावर फुटतं.

कडा जशा फसवतात तसे तक्त्याच्या पोटातले चौकोनही कधी कधी फसवतात. त्यासाठी तीन ग्राहक जवळून पाहू.

पहिला आपला १७८५०. त्याने १ आणि २ डिसेंबर २०१० ला भरपूर माल घेतला, ५,३९१ पौंडांचा, आणि त्यानंतर वर्षभर काहीही घेतलं नाही. पण १० फेब्रुवारी २०११ ला त्याच्या नावावर एक `C` चं बिल आहे: त्याने शंभरेक पौंडांचा माल परत केला. रद्द बिलं न काढता तक्ता केला, तर हा ग्राहक फेब्रुवारीत ‘परत आला’ असा मोजला जातो. परत आला हे खरं, पण माल द्यायला! वर छापलेल्या चार ओळींत अशी भर आहे. म्हणून रद्द बिलं काढायची की नाही हे आधी ठरवावं, ते तक्त्याखाली लिहावं आणि मग आकडे वाचावेत.

दुसरा ग्राहक १२३४६. हा १८ जानेवारी २०११ ला सकाळी १० वाजून १ मिनिटाने आला आणि त्याने चिनी मातीच्या झाकणाच्या साठवणीच्या बरण्या घेतल्या, मध्यम आकाराच्या. नग ७४,२१५, रक्कम ७७,१८३.६० पौंड. सोळा मिनिटांनी संपूर्ण ऑर्डर रद्द झाली. वर्षभरात त्याची दुसरी नोंद नाही. आता नुसती `C` ची ओळ काढून टाकली तर खरेदीची ओळ मागे उरते आणि तो जानेवारीच्या तुकडीत आलेला, भरपूर खरेदी करून निघून गेलेला ग्राहक ठरतो. रद्द ओळीबरोबर तिची मूळ जोडीदार ओळही काढावी लागते. दोन्ही शोधून जुळवणं वेळखाऊ आहे, पण केलं नाही तर तुकडीचा छेद, म्हणजे ज्याला भागायचं तो आकडा, खोटा होतो. तक्ता माणसांऐवजी रकमेवर बनवला असता तर या एका ऑर्डरने जानेवारीची सगळी ओळ वाकवली असती.

तिसरा १२३४७, पत्ता आइसलँडचा. त्याची खरेदी अशी: ७ डिसेंबर, २६ जानेवारी, ७ एप्रिल, ९ जून, २ ऑगस्ट, ३१ ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षीचा ७ डिसेंबर. कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो म्हणेल हे घट्ट गिऱ्हाईक आहे. दर दोन-अडीच महिन्यांनी येतं, न सांगता येतं. पण महिन्याच्या तक्त्यात तो पुढच्या बारापैकी सहा महिन्यांत गैरहजर आहे. त्याच्यासारखे शंभर ग्राहक असते तर तक्ता म्हणाला असता, यांची हजेरी पन्नास टक्के. आणि ३१ ऑक्टोबरची ऑर्डर एक दिवस उशिरा पडली असती तर ती नोव्हेंबरच्या चौकोनात मोजली गेली असती.

म्हणून चौकोनाची रुंदी मालाच्या स्वभावावर ठरली पाहिजे. ग्राहकाच्या दोन ऑर्डरींमधलं अंतर दिवसांत काढा, सगळी अंतरं लहान ते मोठी अशी लावा आणि मधलं पाहा. ते साठ-सत्तर दिवसांच्या घरात असेल तर महिन्याचा तक्ता विनाकारण भोकाभोकांचा दिसेल. तिथे तिमाहीचा बरा. दूध, भाजी, अंडी विकणाऱ्याला महिना फार लांब होतो. त्याने आठवड्याचा करावा. शिवाय कॅलेंडरचा महिना आणखी एक गोंधळ घालतो. १ जानेवारीला पहिल्यांदा आलेला आणि ३१ जानेवारीला पुन्हा आलेला ग्राहक शून्याव्या महिन्यातच राहतो, त्याचं परत येणं दिसतच नाही. आणि ३१ जानेवारीला पहिल्यांदा येऊन १ फेब्रुवारीला राहिलेली एखादी वस्तू मागवणारा मात्र ‘पुढच्या महिन्यात परत आला’ असा झळकतो. हे टाळायचं तर कॅलेंडर सोडून प्रत्येकाच्या पहिल्या खरेदीपासून तीस-तीस दिवस मोजावेत. दोन तारखांची वजाबाकी, भागिले तीस, खालचा पूर्णांक. त्यात तिरपी रेघ तितकी स्वच्छ उरत नाही, म्हणून मला विचाराल तर दोन्ही तक्ते करावेत: ग्राहकाची सवय तीस दिवसांच्या तक्त्यातून आणि हंगाम कॅलेंडरच्या तक्त्यातून.

एक आकडा मागणारे वरिष्ठ सगळीकडे असतात: सगळं सोडा, पहिल्या महिन्यात किती टक्के परत येतात ते सांगा. या फाइलसाठी तो काढू. सगळ्या तुकड्या घेतल्या तर एका महिन्याने परत आलेले १,१३१ आणि एकूण ग्राहक ४,३३१: २६ टक्के. फुगलेली डिसेंबरची पहिली ओळ आणि नऊ दिवसांत अडकलेली नोव्हेंबरची शेवटची ओळ बाजूला ठेवली तर ७२६ भागिले ३,०६२: २४ टक्क्यांहून किंचित कमी. फरक थोडाच, कारण एक चूक आकडा वर ढकलते आणि दुसरी खाली ओढते. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा सरासरी बरी दिसते आणि कोणी आत डोकावत नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं. आणि टक्क्यांची सरासरी काढायची नाही, माणसं जोडून भागायचं, हेही विसरू नये. नाहीतर ऑगस्टची १६७ जणांची तुकडी आणि मार्चची ४४० जणांची तुकडी सारख्याच वजनाच्या होतात. डिसेंबर २०११ च्या तुकडीत तर फक्त ४१ जण आहेत. चाळीस माणसांत दोघेजण इकडेतिकडे झाले की पाच टक्के हलतात.

आपल्याकडे घरून फराळ, साड्या किंवा पैठणीचे ड्रेस विकणाऱ्या कितीतरी जणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात आणि वहीत किंवा गूगल शीटमध्ये लिहितात. त्यांच्याकडे ग्राहक क्रमांक नसतो, मोबाइल नंबर असतो, आणि तो या कामाला छान चालतो. फक्त नंबर एकाच पद्धतीने लिहिलेला हवा: कुठे पुढे +91, कुठे शून्य, कुठे मध्ये मोकळी जागा असली की एकच काकू तीन ग्राहक होतात आणि तिघीही ‘एकदाच येऊन गेल्या’ असं दिसतं. ऑर्डर आईच्या नंबरवरून आणि पुढची मुलीच्या नंबरवरून आली तर तेही तसंच. परत येण्याचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे आणि ते तक्त्यात नाही, वहीत शोधावं लागतं.

त्यांच्यासाठी ब्रिटिश फाइलमधला नोव्हेंबर म्हणजे दिवाळी. पण नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो आणि दिवाळी मागेपुढे सरकते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदा फराळ नेलेल्या तुकडीची ओळ बाराव्या महिन्यापर्यंत वाचली, तर तिथे ऑक्टोबर २०२३ येतो, दिवाळीच्या आधीचा. तिथला आकडा लहानच असणार. ज्या ऑर्डरी यायच्या त्यातल्या बऱ्याचशा तेराव्या चौकोनात आहेत आणि बारा महिन्यांवर तक्ता कापला असेल तर त्या दिसणारच नाहीत. अशा धंद्यात महिन्याचा तक्ता सोडून द्यावा. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीस दिवस आणि नंतरची भाऊबीज मिळून एक दिवाळी हंगाम धरावा, ‘दिवाळी २०२२ ला पहिल्यांदा आलेल्या’ अशी तुकडी करावी आणि त्यातले किती जण दिवाळी २०२३ ला, किती दिवाळी २०२४ ला आले ते मोजावं. वही २०२२ च्या दिवाळीपासूनच सुरू होत असेल, तर ती पहिली तुकडी वेगळी ठेवावी, कारण तिच्यात २०१९ पासून चकल्या नेणाऱ्या काकूही नव्या म्हणून बसल्या आहेत.